ओट्यावर ठेवलेलं गोठलेलं चिकन आणि बाहेरच्या थराचा हिशोब

मे महिन्यातला रविवार. सकाळी नऊला फ्रीझरमधून एक किलो चिकनचं पाकीट काढायचं, ताटलीत घालून ओट्यावर ठेवायचं. बारापर्यंत बर्फ सुटल्यासारखा वाटतो, दीडला पानं घेतली जातात. आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच चालायचं. मी हरकत घेतली की सासूबाई म्हणायच्या, "अगं, नंतर चांगलं रटरटून शिजवतोच ना आपण? मग त्यात काय उरणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी गोठवलेल्या अन्नाच्या गुणवत्ता तपासणीचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे टोकदार सळईचा थर्मामीटर घरात असतो. एका रविवारी ते पाकीट ओट्यावर असतानाच मी थर्मामीटर लावून पाहिला. बाहेर ऊन ३८ अंशांचं, स्वयंपाकघरात ३३. तीन तासांनी कडेच्या तंगडीच्या तुकड्याचं तापमान होतं २१ अंश. त्याच वेळी गोळ्याच्या मधोमध सळई घातली तर आकडा शून्याच्या खाली, आत अजून बर्फच. सासूबाईंनी दोन्ही आकडे स्वतः पाहिले.

बर्फ सोडवण्याचं सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. मधला भाग सुटायची आपण वाट पाहत असतो, आणि तेवढा वेळ बाहेरचा थर उबेत पडून राहतो. चिकनवर असणारे साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टरसारखे जिवाणू प्रामुख्याने याच बाहेरच्या भागावर असतात. फ्रीझरमध्ये ते सगळे मरत नाहीत, उरलेले नुसते थांबतात. साधारण ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. त्यात वरच्या अंगाला, आपल्या उन्हाळ्यातल्या उबेत, काही जिवाणू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून कच्चं मांस-मासे बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये भरदुपारी स्वयंपाकघरात तो एका तासाचाच नियम धरावा लागतो.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. शिजवल्यावर जिवाणू मरतात हे खरं. चिकनच्या सगळ्यात जाड तुकड्याच्या आत ७४ अंश आले की त्यांची चिंता नाही. पण काही जिवाणू वाढता वाढता असं विष सोडतात, जे उकळून जात नाही. मरतो तो जिवाणू, विष रश्श्यात तसंच राहतं. शिवाय ताटलीत साठलेलं ते गुलाबी पाणी कढईत जात नाही. ते ओट्यावर ओघळतं, फडक्याला लागतं, त्याच फडक्याने पुसलेल्या फळीवर आपण कोशिंबिरीचा कांदा चिरतो. चिकन शिजलं, कांदा कच्चाच पानात गेला. हे मी सांगितल्यावर सासूबाई गप्प राहिल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "मग कसं काढायचं ते एकदा नीट सांग."

त्यांना मी ज्या रविवारच्या उदाहरणाने सांगितलं, तेच इथे सांगते. जेवायला आठ माणसं. फ्रीझरमध्ये एक किलो रश्श्याचं चिकन, अर्धा किलो सुरमईच्या तुकड्या आणि तीनशे ग्रॅम चिकन खिमा. तिन्हींचा बर्फ तीन वेगळ्या पद्धतींनी सोडवला.

चिकन शनिवारी सकाळचा चहा करतानाच फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवलं. पाकीट सरळ एका खोलगट स्टीलच्या डब्यात, आणि डबा सगळ्यात खालच्या फळीवर. खालीच का, तर पाकीट कुठे फाटलेलं असलं तरी त्याचं पाणी कोथिंबिरीवर किंवा दह्याच्या भांड्यात गळायला नको. एक किलोच्या गोळ्याला चोवीस तास धरून चालायचं. इतका वेळ लागण्याचं कारण मजेदार आहे. बर्फातून उष्णता जितकी सहज जाते, तितकी पाण्यातून जात नाही, साधारण चौपट कमी जाते. त्यामुळे बाहेरचा थर सुटला की तोच आतल्या बर्फाभोवती गोधडीसारखा बसतो आणि आत ऊब पोचू देत नाही. पण फ्रीजमध्ये हा उशीर बाधत नाही, कारण बाहेरचा थर कितीही वेळ सुटून राहिला तरी तो थंडच असतो. रविवारी अकराला मी तुकडे बोटांनी दाबून पाहिले. सगळे मऊ, एकमेकांपासून सुटे, आणि हाताला गार.

यात एक अट आहे. फ्रीज खरंच ४ अंशांच्या आसपास हवा. बऱ्याच फ्रीजच्या खटक्यावर १ ते ७ असे आकडे असतात, ते अंश नव्हेत. साधा फ्रीजचा थर्मामीटर घ्या, पाणी भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी दार दिवसातून चाळीसदा उघडलं जातं, तेव्हा फ्रीजचं तापमान सहज ८-१० वर गेलेलं मी पाहिलंय. तसं असेल तर खटका पुढे सरकवायचा. एकदारी फ्रीजमध्ये फ्रीझरच्या लगेच खाली जो ट्रे असतो, तो फार गार असतो. तिथे ठेवलेलं चिकन दुसऱ्या दिवशीही दगडासारखं निघतं आणि मग घाईत ओट्यावर येतं, म्हणून ती जागा टाळावी.

सुरमई मात्र मी काढायला विसरले. रविवारी सकाळी दहाला आठवण झाली. अशा वेळी थंड पाण्याची पद्धत. हवेपेक्षा पाणी कितीतरी वेगाने ऊब पोचवतं, त्यामुळे अर्ध्या किलोचं काम तासाभरात होतं. तुकड्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालायच्या, हवा काढायची, पिशवी मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडेल अशी दाबून वर ताटली ठेवायची, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पिशवी लागतेच, कारण उघडी मासळी पाण्यात टाकली की ती पाणी पिते, चव पाण्यात जाते आणि भांड्यातले जिवाणू मासळीला लागतात.

पण "थंड पाणी" म्हणजे किती थंड? हे सगळे नियम थंड देशांत लिहिले गेले, तिथे नळाचं पाणी बारा-पंधरा अंशांचं असतं. पाण्याची मर्यादा २१ अंश धरतात. आपल्या इमारतींना पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून. त्या रविवारी आमच्या नळाचं पाणी मोजलं तर सकाळी दहालाच ३२ अंश! या पाण्यात मासळी बुडवणं म्हणजे ओट्यावर ठेवण्याचाच प्रकार, उलट जास्त वेगाने. उपाय सोपा आहे. तीन लिटर नळाच्या पाण्यात अर्धा किलो बर्फ, म्हणजे साधारण दोन ट्रे, टाकला की ते सोळा-सतरा अंशांवर येतं. बर्फ नसेल तर फ्रीजमधलं पिण्याचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी विसाच्या आसपास येतं. पाणी बदलताना पुन्हा तसंच मिश्रण घ्यायचं. दुसऱ्या वेळी आळस करू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात गोठलेली मासळी स्वतःच पाणी गार करते, नंतर तिचा बाहेरचा थर सुटलेला असतो आणि तेव्हाच त्याला गरम पाणी बाधतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचं पाणी हाताला बोचतं, त्या दिवसांत बर्फाची खटपट लागत नाही.

माशांच्या बाबतीत मी जास्त कडक असते, त्याला कारण आहे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात एक असा घटक भरपूर असतो, ज्यापासून मासा उबेत राहिला की जिवाणू हिस्टामाइन तयार करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामाइन शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि पुन्हा गोठवूनही जात नाही. असा बांगडा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा-मान लाल होते, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, कधी पोट बिघडतं. घरचे म्हणतात, "हिला बांगड्याची अ‍ॅलर्जी दिसते." पुष्कळदा ती अ‍ॅलर्जी नसते, मासा कुठेतरी गरमीत पडून राहिलेला असतो. वासाला तो ठीक असू शकतो. खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली तर घास तिथेच टाकावा. श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

हवा काढून घट्ट सीलबंद केलेल्या पाकिटातल्या मासळीबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बर्फ सोडवायला फ्रीजमध्ये ठेवण्याआधी ते पाकीट कापून उघडावं किंवा मासळी साध्या डब्यात काढावी. हवा नसलेल्या जागी आणि फ्रीजच्या थंडीतही वाढू शकणारा एक जिवाणू असतो, त्याचं विष मज्जातंतूंवर जातं. हवा लागली की त्याची वाढ अडते. हे प्रसंग विरळ आहेत, पण कात्रीचा एक काप मारायला किती वेळ लागतो?

खिम्याचं काम साडेबाराला निघालं, भाच्याला रस्सा तिखट लागतो म्हणून. इथे मायक्रोवेव्ह. वापरताना त्याच्या स्वभावाची माहिती हवी. मायक्रोवेव्हच्या लहरी पाणी झपाट्याने शोषतं, बर्फ मात्र फारच कमी. त्यामुळे कडेला जिथे पहिलं थेंबभर पाणी सुटतं, तिथेच सगळी ऊब जाते, तिथे आणखी पाणी सुटतं, आणि बघता बघता कड पांढरी पडून शिजते आणि मध्यात बर्फ तसाच. डीफ्रॉस्टच्या बटणावर यंत्र म्हणूनच थोडा वेळ तापवतं, थोडा वेळ थांबतं, की तेवढ्यात ऊब आत मुरावी. खिमा थर्माकोलच्या ताटलीतून काढून काचेच्या भांड्यात घ्यायचा, वजन तीनशे ग्रॅम घालायचं, अर्ध्या वेळात यंत्र थांबवून गोळा उलटायचा, सुटलेला खिमा चमच्याने खरवडून वेगळा काढायचा आणि उरलेला पुन्हा आत. मध्ये थोडा बर्फ असतानाच थांबवलं तरी चालतं, कढईत तो सुटतो.

यानंतर एकच नियम: लगेच कढईत. मायक्रोवेव्हमधून निघालेल्या मांसाचे काही भाग कोमट झालेले असतात, नेमके जिवाणूंना मानवतील असे. "आता दही-मसाला लावून दोन तास मुरत ठेवू" हे इथे चालत नाही. मुरवायचंच असेल तर मांस फ्रीजच्या पद्धतीने सोडवलेलं हवं, आणि मुरवणंही फ्रीजमध्येच.

आता त्या रविवारचा पुढचा भाग, ज्यावरून घरोघरी सर्वांत जास्त वाद होतो. सकाळी अकराला फोन आला, चार माणसं येणार नाहीत. चिकन अर्धंच लागणार. उरलेलं अर्धा किलो पुन्हा फ्रीझरमध्ये टाकायचं का?

टाकायचं. आमच्या चिकनला टाकता येत होतं. कारण ते फ्रीजमध्ये सुटलं होतं, गार होतं, आणि त्याचा बाहेरचा थर एकदाही उबेत गेला नव्हता. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवूच नये, असं जे सरसकट म्हटलं जातं ते सुरक्षिततेच्या दृष्टीने पूर्ण खरं नाही. गोठवणं हे रिक्षाचं मीटर थांबवण्यासारखं आहे. मीटर थांबतं, शून्यावर येत नाही. पुन्हा चालू केलं की मागच्या आकड्यावरून पुढे जातं. फ्रीजमध्ये मीटर अगदी सावकाश पळतं, म्हणून तिथे सुटलेलं चिकन किंवा मासळी एक-दोन दिवसांच्या आत शिजवावी किंवा कच्चीच परत गोठवावी, दोन्ही चालतं. त्या एक-दोन दिवसांपैकी फ्रीजमध्ये जेवढा वेळ गेला, तेवढा पुढच्या खेपेच्या वाट्यातून वजा धरावा. आमचं अर्धा किलो पुढच्या वेळी सोडवलं, तेव्हा त्याच दिवशी शिजवलं.

चवीचं नुकसान मात्र होतंच. घरच्या फ्रीझरमध्ये गोठणं हळू होतं, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फाडतात. बर्फ सुटताना त्या फाटलेल्या पेशींतला रस बाहेर पडतो, डब्याच्या तळाशी जे लालसर पाणी दिसतं ते हेच. दुसऱ्या खेपेला आणखी पेशी फाटतात, आणखी रस जातो. रश्श्याच्या चिकनला ते खपून जातं. पापलेट किंवा सुरमई मात्र दुसऱ्यांदा तव्यावर टाकली की कोरडी, दोऱ्यादोऱ्यांची लागते. म्हणून परत गोठवलेलं चिकन मी खिम्याला किंवा सुक्याला वापरते, आणि मासळी सहसा परत गोठवतच नाही.

सुरमईच्या सहा तुकड्यांपैकी दोन उरल्या. त्यांचा निकाल वेगळा लागतो. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सुटलेलं मांस कच्चं परत गोठवायचं नाही, कारण त्याचं मीटर बरंच पळालेलं असतं. ते आधी शिजवायचं. मी त्या दोन तुकड्यांचं कालवण केलं, आणि शिजल्यापासून तासाभराच्या आत गार करून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. शिजवलेलं गोठवायला हरकत नाही. शिजवण्याने जिवंत जिवाणूंचा पसारा संपलेला असतो.

आणि जे ओट्यावर तीन तास होतं, त्या पहिल्या पाकिटासारखं? ते परत गोठवायचंही नाही आणि शिजवायचंही नाही. मला ठाऊक आहे, चारशे रुपयांचं चिकन टाकताना हात अडखळतो. पण वास घेऊन निर्णय करता येत नाही. वास येतो तो नासवणाऱ्या जिवाणूंचा. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू पुष्कळदा वास देतच नाहीत.

बाजारातून आणलेल्या मालाचं मीटर किती पळालंय ते आपल्याला दिसत नाही, ही खरी अडचण. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हा गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात बर्फावर मांडलेली सुरमई पुष्कळदा आधी गोठवलेलीच असते. विक्रेत्याला सरळ विचारावं, "दादा, ही बर्फातली का फ्रीझरची?" नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते सांगतात. फ्रीझरची असेल किंवा उत्तर गुळमुळीत आलं, तर लागेल तेवढीच घ्यायची आणि त्याच दिवशी शिजवायची. पाकीटबंद मालात मधेच बर्फ सुटून परत गोठल्याच्या खुणा दिसतात. सुटे असायला हवेत ते तुकडे एक गड्डा होऊन बसलेले, एका कोपऱ्यात गुलाबी बर्फाची वडी साठलेली, आतून बर्फाचा भुगा खुळखुळणारा. असं पाकीट मी दुकानातच परत ठेवते. घरपोच आलेलं पाकीट दाबल्यावर कडेला मऊ पण आत बर्फाचे कण लागत असतील आणि हाताला बर्फासारखं गार असेल, तर फ्रीझरमध्ये ठेवायला हरकत नाही. नुसतं गारसर लागत असेल, तर घेऊ नये.

वीज जाते तेव्हाही हीच परीक्षा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी चार-पाच तास वीज बंद असणं नवं नाही. दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीझर साधारण दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरून ठेवतो, म्हणून तेवढ्याने काही बिघडत नाही. खालचा फ्रीज मात्र चारच तास तग धरतो. हे मोठ्या, वेगळ्या दाराच्या फ्रीझरचे आकडे. एकदारी फ्रीजच्या छोट्या खणाला ते लागू नाहीत, तिथे दार उघडून दाबून पाहावंच लागतं. त्याच खणात बर्फ साठला म्हणून डीफ्रॉस्टचं बटण दाबताना आतलं चिकन आठवणीने काढावं. त्या बटणाने खणाबरोबर चिकनचाही बर्फ सुटतो आणि आपोआप परत गोठतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

या सगळ्यावर आमच्या घरी एक बदल झाला. आता चिकन आणल्या आणल्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करतो. तुकडे पसरून पिशवी तळहाताने दाबायची, दोन बोटं जाडीची चपटी करायची, आणि ताटावर आडवी ठेवून गोठवायची. जाडी निम्मी झाली की बर्फ सुटायला निम्म्याहूनही कमी वेळ लागतो, रात्री खालच्या फळीवर ठेवलेली पिशवी सकाळी तयार असते. चार माणसं कमी आली तर दुसरी पिशवी फ्रीझरमधून निघतच नाही. पिशवीवर मार्करने तारीख सासूबाई लिहितात. एकदा सुटून परत गेलेल्या पिशवीवर त्या तारखेखाली एक आडवी रेघ मारतात, आणि ती पिशवी सगळ्यात आधी वापरतात.